टेबल एक, माणसं दोन: शेजारच्या ताईंना सामान आणि डब्याबद्दल कसं सांगू?

प्रश्न: मी ठाण्यात एका सीए ऑफिसमध्ये सहा महिन्यांपूर्वी लागले. आठ फुटी टेबल मी आणि एक ताई मिळून वापरतो. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत आणि काम मला त्यांनीच शिकवलं. पण त्यांच्या फायली, पर्स, चार्जर, बाटली सगळं हळूहळू माझ्या बाजूला येतं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा डब्यात सुकट नाहीतर सुके बोंबील असतात. टेबलावरच खातात आणि संध्याकाळपर्यंत वास जात नाही. मी शाकाहारी आहे, पण तो मुद्दा नाही. त्यांना न दुखवता हसतखेळत कसं सांगू? घट्ट झाकणाचा चांगला डबा भेट दिला तर चालेल का?

उत्तर: माझी एकवीस वर्षं ऑफिसांची व्यवस्था बघण्यात गेली. खुर्च्या, टेबलं, एसी, कपाटाच्या चाव्या आणि या कशातच न बसणारी भांडणं. आणि आधीच सांगून टाकते, मी मालवणची. सुकट माझ्याही घरी होते, माझ्याही डब्यातून गेलेली आहे. त्यामुळे तुमचं नाक आणि ताईंचा डबा, दोन्हींची बाजू मला कळते.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या एका बैठकीत सांगायच्या नाहीत, एवढं आधी पक्कं करा. फायली आणि चार्जरबद्दल बोललात तर ताई फार तर म्हणतील, "अगं, सरकव की मग." डब्याबद्दल बोललात तर गोष्ट त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाते. दोन्ही एकत्र काढलंत की सामानाचं त्या विसरून जातील आणि "हिला माझं खाणं खपत नाही" एवढंच लक्षात ठेवतील. म्हणून आधी सामान. दोन आठवडे जाऊ द्या. मग डबा.

सामानाबद्दल बोलण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा, प्लग कुठे आहे ते. आठ फुटी टेबलांना बहुतेक ठिकाणी प्लगचा बोर्ड मधोमध असतो, नाहीतर एकाच बाजूला. तो तुमच्या बाजूला असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. चार्जर प्लगपाशी येतो, चार्जरपाशी मोबाइल येतो, मोबाइलपाशी चष्मा, मग पाण्याची बाटली, मग "इथे ठेवते गं जरा" म्हणत पर्स. माणूस जागा बळकावत नसतो, वायरीमागून जात असतो. मी कितीतरी जोड्यांची कुरबुर दीड मीटरच्या एक्स्टेंशन बोर्डाने मिटवली आहे. तुमच्या अ‍ॅडमिनकडून एक बोर्ड मागून घ्या आणि ताईंच्या पलीकडच्या कोपऱ्यात लावून द्या. "ताई, तुम्हाला दरवेळी वाकावं लागतं ना, म्हणून इकडे बोर्ड लावून घेतला," एवढं म्हणालात तरी पुरे. आणि ते खरंही आहे.

दुसरं, त्यांच्या खुर्चीजवळचा ड्रॉवर उघडतो का, भरलेला आहे का, त्याची चावी आहे का, हे बघा. सीए ऑफिसात बॉक्स फायली टेबलावर साठतात कारण कपाट गच्च असतं आणि गेल्या वर्षीच्या फायली गोडाउनला पाठवायला कुणी मोकळं नसतं. अशा वेळी ताईंना सांगून काही होणार नाही, त्या फायली ठेवणार कुठे? एका दुपारी तुम्हीच म्हणा, "ताई, या तेवीस-चोवीसच्या बांधून टाकूया का? मी लेबलं लिहिते." दीड तासाचं काम आहे आणि त्यात फूटभर टेबल मोकळं होतं.

एवढं केल्यावर जे उरेल ती सवय, आणि तिच्याबद्दलच बोलायचं. आता जागेचा हिशोब बघा. आठ फुटांतले चार तुमचे, म्हणजे साधारण 120 सेंटीमीटर. नंबरांच्या खटक्यांसकट पूर्ण कीबोर्ड 45, माऊसला किमान 20-25, उघडी बॉक्स फाइल 35. झाले शंभर-एकशेपाच. उरली वीतभरही नाही. म्हणजे ताईंची एक पर्स अलीकडे आली की तुमचा माऊस कोपर अंगाशी घेऊन चालवावा लागतो. हा हिशोब ताईंना सांगायचा नाही, तुम्हाला माहीत असू द्या. आपण उगाच कुरकुरत नाही, एवढा विश्वास त्याने येतो आणि आवाज आपोआप सरळ राहतो.

सामानावर विनोद चालतो. मजेत म्हणा, "ताई, तुमच्या पर्सने माझ्या हद्दीत अतिक्रमण केलंय, महापालिकेची गाडी बोलवू का?" मराठी माणसाला अतिक्रमण आणि गाडी म्हटलं की हसू येतं, आणि हसत हसत हात पर्सकडे जातो. मात्र हे म्हणताना त्यांच्या वस्तूला तुम्ही हात लावायचा नाही. वस्तू त्यांनाच उचलू द्या. त्या जागेवर नसताना सगळं नीट रचून पलीकडे ठेवणं म्हणजे मदत असं तुम्हाला वाटेल, पण परत आल्यावर त्यांना आपलं टेबल कुणीतरी चाळलंय असंच दिसतं. आणि विनोद एकदाच. तोच विनोद तिसऱ्या दिवशी केला की टोमणा होतो.

पाच-सहा दिवसांनी वस्तू पुन्हा अलीकडे येऊ लागतील, येतातच. तेव्हा बोलायची गरज नाही. मधल्या रेषेवर तुमची एक रोज लागणारी उभी वस्तू ठेवून द्या: फायलींचा छोटा रॅक, पेनस्टँड, कॅल्क्युलेटरचा स्टँड, काहीही. पट्टी चिकटवून रेषा आखू नका. मी एका ठिकाणी दोन मुलांना निळी टेप लावलेली पाहिली आहे, आणि त्यानंतर ती दोघं टेपेच्या सेंटीमीटरवरून भांडत होती. रॅक तुमच्या बाजूला चार बोटं आत घ्या. चार बोटं सोडलेली परवडतात.

आता डबा.

"मी शाकाहारी आहे, पण तो मुद्दा नाही," असं तुम्ही लिहिलंय. तुमच्यापुरतं ते खरं असेल. पण ताईंच्या कानाला तोच मुद्दा सगळ्यात आधी ऐकू येणार आहे. आपल्याकडे माशाच्या वासाबद्दल बोललेलं वाक्य नुसतं वासाबद्दल राहत नाही. घर भाड्याने घेताना, सोसायटीत, शाळेच्या डब्यात त्यांनी किंवा त्यांच्या आईने ते कधीतरी ऐकलेलं असतं. त्यात कोण काय खातं, कोणत्या जातीचं, कुठल्या पट्ट्यातलं, सगळं येतं. तुमच्या मनात नसलं तरी येतं.

हे मी स्वतः चुकून शिकले. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी एका ऑफिसात नोटीस लावली होती, "उग्र वासाचे पदार्थ टेबलावर आणू नयेत." मी, मालवणची! कुणाची तरी तक्रार होती, मला वाटलं नाव न घेता मिटवलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, "कुणाच्या नाकाने?" मला रागच आला होता तेव्हा. पण त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एक बाई रोज दहीभात आणायला लागल्या आणि खिडकीकडे तोंड करून एकट्या खायला लागल्या. आधी त्या चौघींत बसायच्या. मी नोटीस काढली. त्या मात्र पुन्हा चौघींत बसल्या नाहीत. लसणाच्या चटणीबद्दल, मुळ्याच्या भाजीबद्दल, उकडलेल्या अंड्याबद्दल नोटीस कधी कुणी मागितली नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मुळ्याच्या भाजीचा डबा बंद खोलीत उघडला तर काय होतं ते तुम्हालाही माहीत असेल.

म्हणून काय खातात यावर एक अक्षर बोलायचं नाही. कुठे खातात आणि खाऊन झाल्यावर डब्याचं काय होतं, एवढ्यावरच बोलायचं. आणि बोलण्याआधी वास नक्की कशाचा राहतो, ते शोधायचं. तुम्ही म्हणता संध्याकाळपर्यंत जात नाही. जेवण पंधरा मिनिटांत संपतं, मग पाच वाजता वास कुठून येतो? दोन दिवस लक्ष ठेवा. साडेतीनला जागेवरून उठून गॅलरीत पाच मिनिटं थांबून या. सतत येणारा वास नाक काही मिनिटांत टिपायचं सोडून देतं, बाहेर जाऊन आलं की पुन्हा टिपतं. ताईंना वास जाणवत नसणार, तोही याचमुळे. त्या सकाळपासून त्या डब्याच्या सहवासात आहेत.

परत आल्यावर बहुतेक वेळा तीनपैकी एक जागा सापडते. न धुता बंद करून पिशवीत, टेबलाखाली ठेवलेला डबा. टेबलाखालची कचऱ्याची बादली, जिच्यात हात पुसलेला टिश्यू आणि बोंबलाचे काटे पडलेत. किंवा टेबलाच्या सनमायकावर सांडलेलं तेल, जे कोरड्या कागदाने पुसलं की आणखी पसरतं आणि कडेच्या फटीत जातं. कापडी पार्टिशन असेल तर तेही वास धरून ठेवतं. वर एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवत बसतो, त्यामुळे दीडचा वास पाचलाही तिथेच असतो, फक्त गार झालेला.

यातली टेबलाची आणि बादलीची गोष्ट तुम्ही कुणालाही न विचारता करू शकता. माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याला आंबट लागलं की ते हवेत उडायचं थांबतं. आपल्या आज्या माशाला कोकम आणि लिंबू लावत आल्या, त्याचा हाही एक फायदा. तर टेबल आधी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं, म्हणजे तेल निघतं, आणि मग लिंबू पिळलेल्या किंवा चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्याने. नुसतं लिंबू फिरवलं तर तेल तसंच राहतं. हे फडकं संध्याकाळी निघताना फिरवा, त्यांनी डबा बंद केल्या केल्या नाही. बादलीचं शिपायाला सांगून ठेवा, ती दुपारी अडीचला एकदा रिकामी व्हावी, सगळ्यांची.

रूम फ्रेशनर मारू नका. गुलाबाच्या वासात मिसळलेला बोंबील नुसत्या बोंबलाहून वाईट असतो, ही एक गोष्ट. आणि त्या फुस्स आवाजाने जो अपमान होतो तो तुम्ही शंभर वाक्यांनीही करू शकला नसता. नाकाला रुमाल, खिडकी खाडकन उघडणं, "आज काय आणलंय हो?" असं लांबवून विचारणं, हे सगळं त्याच जातीतलं.

उरला डबा धुणं आणि खाण्याची जागा. हे बोलावं लागेल. वेळ निवडा. तुमच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची तारीख जवळ आली की सगळेच टेबलावर जेवतात, रात्री नऊपर्यंत बसतात आणि कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. तो महिना सोडून द्या. डबा उघडा असताना बोलू नका, लगेच नंतरही नको. सकाळी चहाला खाली जाताना, दोघीच असताना, चालता चालता बोला. समोरासमोर बसून "ताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं," अशी सुरुवात केलीत की माणूस आधीच आवळून बसतो.

शब्द साधारण असे: "ताई, एक विचारू? आपण दोघी जेवून झाल्यावर डबे लगेच विसळून आणूया का? मी पण टेबलाखाली ठेवते, आणि एसीत दिवसभर वास घुमतो. माझ्या मेथीचासुद्धा घुमत असेल, मला स्वतःला कळत नाही." यात "आपण दोघी" म्हटलंय ते नाटक म्हणून नाही. त्या दिवसापासून तुम्ही तुमचा डबा खरोखर विसळायचा. सहा महिने न विसळलेला पोळीभाजीचा डबा पिशवीत ठेवणाऱ्या मुलीने हे बोलायचं नाही. इथे विनोदही करायचा नाही. सामानाला महापालिकेची गाडी चालली, डब्याला नाही चालणार. साध्या आवाजात, एका वाक्यात, आणि मग लगेच दुसरा विषय. कटिंग घ्यायचा की फुल, काहीही.

त्या काय म्हणतील? बहुतेक "अगं हो, चल की," म्हणतील आणि विषय संपेल. दुसरी शक्यता, थबकून विचारतील, "माझ्या डब्याचा वास येतो का गं?" इथे खोटं बोलू नका, "नाही नाही, तसं नाही," म्हटलंत तर बोललेलं सगळं वाया गेलं. "हो ताई, दुपारनंतर राहतो. खाताना नाही काही वाटत, नंतर बंद खोलीत जाणवतो." एवढंच म्हणा. तिसरी शक्यता अवघड आहे: "तुला मासे चालत नाहीत म्हणून का?" तेव्हा घाईघाईने सफाई देऊ नका, आणि "माझ्या मैत्रिणी पण खातात," हे तर अजिबातच नाही. "मी खात नाही, हे खरं. पण तुम्ही आणू नये असं मला वाटत नाही. डबे विसळले की माझं काम झालं." आणि मग खरोखर तेवढ्यावर थांबा.

जागेबद्दल म्हणजे पँट्रीत जेवण्याबद्दल लगेच बोलू नका. आधी बघा, पँट्रीत बसायला जागा आहे का. ज्या ऑफिसात पँट्री म्हणजे बेसिन, फिल्टर आणि मायक्रोवेव्ह एवढंच असतं, तिथे "पँट्रीत जेवा" म्हणजे "उभं राहून जेवा" असा अर्थ होतो. बसायला टेबल असेल तर आधी तुम्ही तिथे जाऊन जेवायला लागा आणि बोलवा, "ताई, चला ना, इथे स्क्रीनसमोर घास पण कळत नाही." आठवड्यातून तीनदा आल्या तरी जिंकलात. मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम करण्याचा प्रश्न उरतो, कारण वाफेबरोबर वास दुप्पट वेगाने पसरतो. सुकट कोरडी असेल तर ती गार चांगली लागते आणि आमच्याकडे गारच खातात, हे मी म्हणेन. तुम्ही म्हणू नका. वरून ताटली झाकणं आणि नंतर लिंबाची फोड घातलेलं वाटीभर पाणी दोन मिनिटं फिरवून आतून पुसणं, एवढं कुणीही करू शकतं. तुमचा पराठा गरम झाल्यावरही करा.

दोनदा बोलून, महिना जाऊनही काही बदललं नाही तर? ताईंची तक्रार घेऊन साहेबांकडे जाऊ नका. काम त्यांनी शिकवलंय, पुढचं कामही त्यांच्याच हाताखाली आहे. अ‍ॅडमिनला स्वतःची जागा बदलून मागा, "एसी थेट अंगावर येतो," असं खरं असेल तर तेच कारण द्या. किंवा जेवणाला एक टेबल सगळ्यांसाठी ठेवायची सूचना करा. "टेबलावर कुणीच जेवायचं नाही" हा नियम मी तीन ऑफिसांत लावला आणि तो पाळला गेला, कारण त्यात साहेबांचं सँडविचही आलं, आणि जेवायला खुर्च्या आधी आणल्या, नियम नंतर. "मांसाहार आणायचा नाही" असा नियम कुणी सुचवला तर त्यात सामील होऊ नका. तो तुमच्या नावावर चढेल.

आणि काही दिवस वास येणारच, हेही धरून चाला. श्रावण संपला, गणपती-गौरी झाल्या की डबे पुन्हा भरतात. आठवड्यातून एखादी दुपार गॅलरीत चहा घेऊन निघते.

डबा भेट द्यायचा का, या प्रश्नाचं उत्तर: त्यांना नको. घट्ट झाकणाचा डबा भेट म्हणून मिळालेल्या बाईला त्याचा अर्थ कळायला एक मिनिट लागत नाही. तुमच्यासाठी घ्या. स्टीलचा, सिलिकॉनच्या रिंगचा आणि चारी बाजूंनी खटके असलेला घ्या. प्लास्टिकचा नको, त्यात हळदीचा रंग आणि वास दोन्ही मुरतात. रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवायची असते, नाहीतर वास तिच्यातच बसतो आणि डब्याला नाव ठेवलं जातं. बेसिनपाशी तुमच्याबरोबर उभ्या असताना ताई रिंग काढताना बघतील आणि विचारतील, "कुठून घेतलास गं? कितीला?" तेव्हा दुकान सांगा. शनिवारी गोखले रोडला जाणारच असाल तर "आणू का तुम्हाला पण?" असं विचारा, आणि पैसे दिले तर घ्या.